‘नंबर लावता का?’ : अर्धवट विनंती, रिसेप्शनिस्टचं उत्तर आणि संवाद-विश्लेषण

या लेखात आपण एकच छोटीशी गोष्ट बघणार आहोत. दवाखान्याच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज येतो, त्यात तारीख नाही, पेशंटचं नाव नाही, आणि तरी रिसेप्शनिस्टला त्याला उत्तर द्यायचं असतं. वाटतं, यात संशोधन करण्यासारखं काय आहे? ‘नाव सांगा, तारीख सांगा’ म्हटलं की संपलं. पण आधी काय विचारायचं, कसं विचारायचं आणि चूक झाली तर ती कुठे दिसते, हे बघायला लागलं की संवाद-विश्लेषण या शाखेतल्या तीन-चार पायाभूत संकल्पना आपोआप समोर येतात. पेट किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना या संकल्पना व्याख्येच्या रूपात पाठ असतात, पण प्रत्यक्ष उदाहरणावर लावायला सांगितलं की अडखळायला होतं. म्हणून आज व्याख्या कमी आणि उदाहरण जास्त.

आपलं उदाहरण

तालुक्याच्या गावातलं हाडांच्या डॉक्टरांचं क्लिनिक समजा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा बसतात, सोमवारी सकाळी 10 ते 1 आणि गुरुवारी संध्याकाळी 5 ते 8. प्रत्येक बैठकीत 15 मिनिटांच्या 12 जागा. जुन्या पेशंटला एक जागा पुरते, नवीन पेशंटला सलग दोन लागतात, कारण केसपेपर काढायचा, आधीचे रिपोर्ट बघायचे, तपासायचं. शनिवार, 14 जून 2025, रात्री 9:40 ला मेसेज येतो:

“नमस्कार मॅडम. गुडघ्यासाठी सरांना दाखवायचं होतं. नंबर लावता का?”

हे उदाहरण मी समजावण्यासाठी रचलं आहे, खऱ्या नोंदीतलं नाही. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी त्याकडे परत येऊ.

आता या मेसेजमध्ये काय आहे आणि काय नाही? विनंती आहे, तक्रारीचा अवयव आहे. कोण दाखवणार ते नाही. मराठीत तर ‘दाखवायचं होतं’ या रचनेत कर्ता गाळला तरी वाक्य बिनचूक राहतं. ‘मला दाखवायचंय’ आणि ‘आईला दाखवायचंय’ दोन्ही याच वाक्यात बसतात. म्हणजे इथे लिहिणाऱ्याने हलगर्जीपणा केलाय असं नाही, भाषेनेच ती सोय दिली आहे. तारखेचंही तसंच. ‘होतं’ हा भूतकाळ इथे काळ दाखवत नाही, तो विनंती मवाळ करतो. तारीख लिहिणाऱ्याच्या मनात ठरलेलीही नसेल. डॉक्टर कधी असतात हेच माहीत नसताना तारीख सांगायची कशी?

विनंती आणि उत्तर यांच्या मध्ये काय घडतं

संवाद-विश्लेषणात एक मूलभूत एकक आहे, जोडी. प्रश्न-उत्तर, नमस्कार-नमस्कार, विनंती-होकार किंवा नकार. जोडीचा पहिला भाग आला की दुसरा भाग अपेक्षित होतो, आणि तो आला नाही तर त्याचं न येणं लोकांना जाणवतं. ‘नंबर लावता का?’ हा पहिला भाग आहे. पण रिसेप्शनिस्ट लगेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकत नाही, कारण कोणासाठी आणि कधी हे माहीत नाही. मग ती मध्ये दुसरी जोडी घालते:

“पेशंट तुम्ही स्वतः आहात की घरातलं कोणी?”
“आईला दाखवायचंय.”

इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी अशा मधल्या जोड्यांचं तपशिलात वर्णन केलं. यांना आपण ‘मधली जोडी’ म्हणू. तिचा एक गुण महत्त्वाचा आहे. मधली जोडी चालू असते तोपर्यंत मूळ विनंती रद्द होत नाही, ती ताटकळत उभी असते. रिसेप्शनिस्टने उत्तर दिलेलं नाही, पण ती उत्तराच्या दिशेने चालली आहे असं समोरच्याला कळत असतं. हे कळणं टिकतं तोवर लोक चार प्रश्नांचीही उत्तरं शांतपणे देतात. ते तुटलं, म्हणजे या प्रश्नांचा माझ्या नंबरशी काय संबंध असं वाटायला लागलं, की ‘अहो, पण नंबर मिळेल की नाही ते सांगा आधी’ असं येतं.

ही ओळ डेटात दिसली तर तिथे थांबा. ती चिडचिड म्हणून नोंदवून पुढे जाऊ नका. मधल्या जोड्यांची साखळी मूळ विनंतीपासून सुटली आहे, हे त्या माणसाने स्वतः दाखवून दिलेलं असतं.

आधी काय विचारायचं: तारीख की पेशंट?

सहज सुचणारा पहिला प्रश्न म्हणजे ‘कधी येणार?’ तो विचारून बघू.

“कधी येणार?”
“उद्या चालेल का?”
“उद्या रविवार आहे, बंद असतं.”
“मग सोमवारी?”
“सोमवारी 11:15 आहे. नवीन पेशंट का?”
“हो, पहिल्यांदाच.”
“मग 11:15 नाही जमणार. नवीन पेशंटला अर्धा तास लागतो.”

बघा काय झालं. सोमवारच्या 12 पैकी 4 जागा रिकाम्या आहेत असं समजा: 10:30, 11:15, 12:00 आणि 12:15. यात सलग दोन एकाच ठिकाणी आहेत, 12 ते 12:30. जुन्या पेशंटला चार पर्याय आहेत, नवीन पेशंटला एकच. रिसेप्शनिस्टने पेशंट जुना की नवीन हे कळण्याआधी वेळ देऊ केली आणि मग तिला ती मागे घ्यावी लागली. देऊ केलेली गोष्ट मागे घेणं म्हणजे आता तिला कारणही द्यावं लागतं, आणि समोरच्याने तोवर कदाचित रजेचा किंवा रिक्षाचा विचारही करून ठेवलेला असतो.

म्हणजे माहितीच्या तुकड्यांमध्ये अवलंबित्व आहे. कोणती वेळ देता येईल हे पेशंट नवीन की जुना यावर अवलंबून आहे. पेशंट नवीन की जुना हे मात्र तारखेवर अवलंबून नाही. म्हणून ज्या उत्तरावर बाकीची उत्तरं टेकलेली आहेत, तो प्रश्न आधी. विज्ञान शाखेतून आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, समीकरणं सोडवताना ज्या चलावर बाकीचे अवलंबून तो आधी काढतो, तसंच.

याला एक मर्यादा आहे. लिहिणाऱ्याने मेसेजमध्येच ‘फक्त गुरुवारी येता येतं’ असं म्हटलं असेल, तर तीच सगळ्यात घट्ट अट आहे आणि तिथूनच सुरुवात करायला हवी. क्रम छापील फॉर्मवरून ठरत नाही. या मेसेजमध्ये काय कळलंय आणि त्याने किती पर्याय उरलेत, यावरून ठरतो.

दुसरी मर्यादा याहून मोठी. मेसेजमध्ये ‘पडल्यापासून पाय टेकवता येत नाही’ किंवा ‘छातीत दुखतंय’ असं काही असेल, तर नाव-तारखेची साखळी सुरूच करायची नसते. तिथे उत्तर म्हणजे लगेच डॉक्टरांना सांगणं किंवा इमर्जन्सीला पाठवणं. आजार किती गंभीर हे ठरवणं रिसेप्शनिस्टचं काम नाही, पण असे शब्द दिसल्यावर नेहमीची प्रश्नावली बाजूला ठेवणं तिच्याच हातात असतं.

सगळं एकदम विचारलं तर?

अनेक ठिकाणी तयार मेसेज चिकटवला जातो: ‘पेशंटचे पूर्ण नाव, वय, गाव, जुना/नवीन, तारीख, वेळ कळवा.’ वेळ वाचतो, हे खरं. पण उत्तर बहुतेक वेळा असं येतं: “सुनंदा. परवा सकाळी.” सहा गोष्टी मागितल्या, अडीच मिळाल्या.

हार्वे सॅक्स यांनी बोलण्यातली एक प्रवृत्ती दाखवली आहे. एका दमात दोन प्रश्न आले तर उत्तर देणारा सहसा शेवटच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो, कारण ते त्याला लागून येतं. प्रश्न आणि उत्तर शेजारी-शेजारी असावेत याकडे बोलणाऱ्यांचा कल असतो. पहिला प्रश्न मग मागे पडतो आणि कधीकधी सुटूनच जातो. लेखी मेसेजमध्ये वरची यादी परत वाचता येते, त्यामुळे हा नियम जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालता येत नाही. कोणी तो फोन आणि व्हॉट्सॲप अशा दोन्हींच्या नोंदी शेजारी ठेवून तपासला, तर चांगला छोटा प्रकल्प होईल.

नाव विचारण्याची जागा

नावाचा प्रश्न संवाद-विश्लेषणाच्या जन्माशीच जोडलेला आहे. 1960च्या दशकात सॅक्स लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्या प्रतिबंध केंद्राला आलेल्या फोनच्या नोंदी अभ्यासत होते. तिथली अडचण साधी होती, अनेक लोक नाव सांगत नसत. सॅक्स यांना दिसलं ते असं. उचलणाऱ्याने आधी स्वतःचं नाव सांगितलं तर समोरचाही सहसा नाव सांगतो, कारण पहिल्या वाक्याने तशी जागा तयार केलेली असते. आणि ज्याला नाव सांगायचं नाही तो नकार देत नाही. तो म्हणतो, नीट ऐकू येत नाहीये. मग उचलणारा स्वतःचं नाव परत सांगतो, समोरचा तेच नाव परत म्हणतो, आणि स्वतःचं नाव सांगायची जागा निघून जाते. यानंतर नाव हवं असेल तर मुद्दाम विचारावं लागतं, आणि मुद्दाम विचारलं की ‘कशाला?’ हा प्रश्न येऊ शकतो.

आपल्या मेसेजमध्ये ती जागा पहिल्याच ओळीत निघून गेली आहे. त्यामुळे रिसेप्शनिस्ट नाव विचारते तेव्हा सोबत कारण दिलं तर बरं पडतं: “आईंचा केसपेपर काढून ठेवते, पूर्ण नाव सांगता?” या वाक्यात नाव मागितलंय, कशासाठी ते सांगितलंय, आणि काम पुढे सरकतंय हेही दाखवलंय.

पण नुसतं नाव पुरत नाही. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पेशंट-सुरक्षा केंद्राने पेशंटची ओळख पटवताना किमान दोन खुणा वापरा, उदाहरणार्थ नाव आणि जन्मतारीख, अशी सूचना केली. आपल्याकडे दुसरी खूण म्हणून सर्रास मोबाइल नंबर घेतला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो. घरातल्या चार जणांचे केसपेपर एकाच मुलाच्या नंबरवर असतात. नंबर टाकला की चार नावं येतात. शिवाय ‘सुनंदा’चा जुना केसपेपर माहेरच्या आडनावाने असू शकतो. म्हणून नंबर ही संपर्काची खूण म्हणून ठेवावी आणि ओळखीसाठी पूर्ण नाव व जन्मतारीख. जन्मतारीख पक्की माहीत नसेल, आणि साठी ओलांडलेल्या बऱ्याच जणांची नसते, तर वय आणि गाव. ‘आधी इथे दाखवलंय, तेव्हा कोणत्या नावाने केसपेपर काढला होता?’ हा प्रश्न अशा वेळी बरंच काम वाचवतो.

‘परवा’ म्हणजे कधी?

आता तारीख. आपल्या उदाहरणात उत्तर आलं, ‘परवा सकाळी’. मराठीत ‘परवा’ हा शब्द दोन्ही दिशांना जातो, काल-परवा आणि उद्या-परवा. क्रियापद असेल तर दिशा कळते, नंबर लावण्याच्या संदर्भातही कळते. खरी अडचण दिशेची नाही, मोजणी कुठून सुरू करायची याची आहे. ‘आज’, ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द बोलण्याच्या क्षणाला बांधलेले असतात. भाषाशास्त्रात यांना दर्शक शब्द म्हणतात. फोनवर बोलणारा आणि ऐकणारा एकाच क्षणात असतात, त्यामुळे प्रश्न येत नाही. मेसेजमध्ये लिहिण्याचा क्षण वेगळा, वाचण्याचा वेगळा.

शनिवारी रात्री लिहिलेला ‘परवा’ म्हणजे सोमवार, 16 जून. रविवारी क्लिनिक बंद, रिसेप्शनिस्टने तो सोमवारी सकाळी 9 वाजता वाचला. तिच्या हिशोबाने ‘परवा’ म्हणजे बुधवार. बुधवारी डॉक्टर नसतात, म्हणून ती गुरुवार देऊ करते. इकडे आई सोमवारी सकाळी रिक्षात बसलेली असते. दोघांपैकी कोणीही चुकीचं वाचलेलं नाही, फक्त मोजणीचा आरंभबिंदू वेगळा आहे. रात्री 12:20 ला लिहिलेल्या ‘उद्या’चंही तसंच. कॅलेंडरने तारीख बदललेली असते, पण न झोपलेल्या माणसाचा ‘उद्या’ अजून उजाडायचा असतो. ‘पुढच्या सोमवारी’ शनिवारी म्हटलं तर काहींना 16 तारीख वाटते, काहींना 23.

म्हणून रिसेप्शनिस्टच्या उत्तरात हे शब्द नकोत. तिने वार आणि तारीख दोन्ही लिहावं: “सोमवार, 16 जून, दुपारी 12.” वार लिहिला की तारीख कळतेच, मग दोन्ही कशाला? कारण दोन्हींपैकी एक चुकलं तर ते जुळत नाहीत आणि चूक उघडी पडते. ‘सोमवार, 17 जून’ असं चुकून लिहिलं गेलं तर वाचणारा थांबतो आणि विचारतो. एकच गोष्ट दोनदा सांगण्याचा फायदा इथे आहे.

चूक कुठे दिसते

संवाद-विश्लेषणातली मला सगळ्यात उपयोगी वाटणारी कल्पना ही: एका बोलण्याचा अर्थ समोरच्याने काय घेतला, हे त्याच्या पुढच्या बोलण्यात दिसतं. आणि तो अर्थ चुकला असेल तर मूळ बोलणारा तिसऱ्या वळणावर तो दुरुस्त करतो.

“गुडघ्यासाठी दाखवायचं होतं.”
“बरं, तुमचं वय सांगा.”
“नाही नाही, मला नाही, आईला.”

पहिलं वळण अस्पष्ट, दुसऱ्यात रिसेप्शनिस्टने घेतलेला अर्थ उघड झाला, तिसऱ्यात दुरुस्ती. ‘तुमचं वय’ विचारल्यामुळेच चूक सापडली. तिने नुसतं ‘वय?’ विचारलं असतं तर उत्तर आलं असतं ‘62’, आणि केसपेपर मुलाच्या नावाने निघाला असता.

म्हणून शेवटी सगळं एकत्र परत सांगणं हे दुरुस्तीसाठी मुद्दाम तयार केलेलं वळण आहे: “सुनंदाताई, वय 62, नवीन पेशंट, सोमवार 16 जून, दुपारी 12. जुने एक्स-रे असतील तर आणा. बरोबर ना?” इथे समोरच्याला काही आठवून सांगावं लागत नाही, फक्त चुकलेलं पकडायचं असतं.

इंग्लंडमधल्या तीन दवाखान्यांच्या फोनवर एलिझाबेथ स्टोको आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2016 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस’मध्ये आला. त्यांना दिसलं की रिसेप्शनिस्ट ‘आज नाही’ म्हणून थांबते, पर्याय देत नाही किंवा ठरलेलं परत सांगत नाही, तेव्हा संवाद पुढे ढकलायचं ओझं पेशंटवर पडतं: ‘मग उद्या आहे का?’, ‘म्हणजे नक्की झालं ना?’ जिथे हे ओझं जास्त होतं तिथे पेशंट-सर्वेक्षणातलं समाधानही कमी होतं. दवाखाने तीनच आहेत, त्यामुळे यातून कार्यकारणभाव सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. पण कुठे बघायचं हे मात्र नेमकं कळतं.

यावर काम करायचं असेल तर

पहिलं, काय मोजणार ते आधी ठरवा. एकूण प्रश्न किंवा मिनिटं मोजलीत तर वरचं ‘परत सांगणं’ तुमच्या तक्त्यात तोटा म्हणून दिसेल, कारण त्याने संवाद लांबतो. त्यापेक्षा दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा: देऊ करून मागे घेतलेल्या वेळा, आणि पेशंटला स्वतःहून विचारावे लागलेले प्रश्न.

दुसरं, संवादात दुरुस्ती दिसली नाही म्हणजे चूक झाली नाही असं नाही. ‘परवा’चा घोटाळा मेसेजमध्ये कुठेच दिसत नाही, तो सोमवारी काउंटरवर दिसतो. फक्त मेसेज गोळा केलेत तर तो तुमच्या डेटाबाहेर राहील. म्हणून मेसेजसोबत त्या दिवसाचं अपॉइंटमेंट रजिस्टरही हवं. दोन्हींसाठी नैतिक समितीची मंजुरी, संमती आणि नावं-नंबर बदलणं हे आलंच.

आणि तिसरं, सुरुवातीला म्हटलं ते. या लेखातले संवाद मी रचले आहेत. संकल्पना समजवायला ते चालतात, पुरावा म्हणून चालत नाहीत. सॅक्स यांचा आग्रह होता की खऱ्या नोंदींवरच काम करायचं, कारण माणसं प्रत्यक्षात जे बोलतात ते खुर्चीत बसून सुचत नाही. माझ्या रचलेल्या मुलाने ‘आईला दाखवायचंय’ असं सरळ उत्तर दिलं. खऱ्या नोंदीत तो कदाचित आधी आईचा गुडघा कधीपासून दुखतोय ते सांगेल, मग मागच्या डॉक्टरांचं, मग सोबत यायला रजा मिळत नाही ते. त्यातलं कोणतं वाक्य तारखेच्या प्रश्नाचं उत्तर होतं, हे शोधण्यापासून तुमचं विश्लेषण सुरू होईल.